तिन्ही खेळ खेळणारी सात मुलं आणि २१ चा फरक

प्रश्न : मी इंदूरला एका शाळेत शिकवते. क्रीडादिनाला खेळणाऱ्या मुलांना पोहे-जिलेबीची कुपनं द्यायची आहेत, म्हणून नववी-दहावीच्या १२० मुलांकडून चिठ्ठ्या भरून घेतल्या. क्रिकेट ५८, खो-खो ४०, टेबल टेनिस ३३. क्रिकेट आणि खो-खो १४, खो-खो आणि टेबल टेनिस ९, क्रिकेट आणि टेबल टेनिस ११, तिन्ही खेळ ७. तिन्ही खेळांची बेरीज करायची, त्यातून जोड्यांचे आकडे वजा करायचे आणि तिन्ही खेळांचा आकडा मिळवायचा, या सूत्रात घातलं तर निदान एक तरी खेळ खेळणारी १०४ मुलं येतात, म्हणजे न खेळणारी १६ उरतात. पण वर्गात "कुठलाच खेळ न खेळणाऱ्यांनी हात वर करा" म्हटलं तर ३७ हात वर आले! सूत्र चुकतंय की मुलं खोटं बोलताहेत? आणि पुढच्या वर्षी तिन्ही खेळ खेळणारी मुलं वेगळी मोजलीच नाहीत तर चालेल का?

उत्तर : ताई, मुलं खोटं बोलत नसावीत आणि सूत्र तर बरोबरच आहे. गडबड १४, ९ आणि ११ या तीन आकड्यांत आहे. ते चुकीचे मोजलेत असं नाही, पण सूत्राला ज्या अर्थाने हवे आहेत त्या अर्थाने ते मोजलेले नाहीत. माझ्या अंदाजाने खरं उत्तर ८३ आहे आणि तुमचे ३७ हात अगदी बरोबर आहेत. अंदाज म्हणतो, कारण चिठ्ठ्या मी पाहिलेल्या नाहीत. त्या तपासायला तुम्हाला पाच मिनिटंही लागणार नाहीत, कसं ते पुढे सांगतो.

मी इथे इंदूरलाच अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवतो. संचांचा धडा आला की हा घोळ दर वर्षी कुणाच्या ना कुणाच्या वहीत सापडतो, म्हणून तुमचे आकडे वाचताना माझं लक्ष आधी फरकाकडे गेलं. सूत्र म्हणतं १६, हात म्हणतात ३७. फरक २१ चा. आणि तिन्ही खेळ खेळणारी मुलं ७. फरक बरोबर सातच्या तिप्पट आहे, आणि असा तिपटीचा फरक सहसा योगायोगाने येत नाही.

तुम्ही मोजणी कशी केली असेल याची मी कल्पना करतो, चुकत असेन तर सांगा. चिठ्ठ्या टेबलावर पसरल्या असतील. आधी एकेक चिठ्ठी हातात घेऊन क्रिकेटसमोर खूण आहे का, खो-खोसमोर आहे का, असं बघत कागदावर रेघा ओढल्या असतील. त्यातून ५८, ४० आणि ३३ आले. मग "दोन खेळ खेळणारे किती" हे काढायला चिठ्ठ्यांचे गठ्ठे लावले असतील : क्रिकेट-खो-खोवाल्यांचा एक, खो-खो-टेबल टेनिसवाल्यांचा दुसरा, क्रिकेट-टेबल टेनिसवाल्यांचा तिसरा. ज्या चिठ्ठीवर तिन्ही खुणा होत्या ती साहजिकच चौथ्या, वेगळ्या गठ्ठ्यात गेली. कारण कागदाची चिठ्ठी एकच, ती एका वेळी एकाच गठ्ठ्यात बसते.

इथेच दोन पद्धतींची सरमिसळ झाली. ५८ हा आकडा खुणा मोजून आला, त्यामुळे त्यात फक्त क्रिकेट खेळणारा आहे, क्रिकेट-खो-खोवाला आहे आणि तिन्ही खेळणाराही आहे. १४ हा आकडा गठ्ठा मोजून आला, त्यात तिन्ही खेळणारं एकही मूल नाही. म्हणजे १४ चा अर्थ झाला "क्रिकेट आणि खो-खो खेळतात, पण टेबल टेनिस खेळत नाहीत". सूत्राला मात्र "क्रिकेट आणि खो-खो खेळतात, तिसरा खेळ खेळोत वा न खेळोत" असा आकडा लागतो.

असं का लागतं ते समजून घेण्यासाठी सूत्र बाजूला ठेवा आणि एकेका मुलामागे जा. आपल्याला शेवटी प्रत्येक खेळणारं मूल बरोबर एकदा मोजलेलं हवं, एक मूल एक कूपन. आता ५८, ४० आणि ३३ ची बेरीज केली की १३१ होतात, तीही १२० मुलांमध्ये. एकच खेळ खेळणारं मूल या बेरजेत एकदा आलं, त्याचं काम झालं. दोन खेळ खेळणारं दोनदा आलं, म्हणून जोडीचे आकडे वजा करून आपण त्याला एकदा कमी करतो. दोन वजा एक, एक. तेही झालं.

तिन्ही खेळ खेळणाऱ्या मुलीचं काय होतं ते जरा सावकाश बघू. ती बेरजेत तीनदा आली. आता जोड्या वजा करतो. क्रिकेट-खो-खोच्या यादीत ती आहे, खो-खो-टेबल टेनिसच्या यादीत आहे आणि क्रिकेट-टेबल टेनिसच्या यादीतही आहे, म्हणून ती तीनदा वजा झाली. तीन वजा तीन, शून्य. जी मुलगी सगळ्यात जास्त खेळते तिचंच नाव हिशेबातून पुसलं गेलं. म्हणून शेवटी तिन्ही खेळांचा आकडा मिळवावा लागतो, म्हणजे ती परत एकदा मोजली जाते. सूत्रातल्या शेवटच्या अधिक चिन्हाचं कारण एवढंच आहे. आधी जास्त घेतलं, मग जास्त काढलं, मग कमी पडलेलं भरलं. ज्या मुलांना मी हे एका मुलीमागे जाऊन दाखवतो ती चिन्हं विसरत नाहीत; ज्यांनी नुसतं पाठ केलं ती परीक्षेत हमखास अधिकच्या जागी वजा लिहून येतात.

आता हीच मुलगी तुमच्या आकड्यांतून चालवून बघा. बेरजेत ती तीनदा आली. जोड्या वजा करताना ती कुठल्याच गठ्ठ्यात नव्हती, कारण तिची चिठ्ठी चौथ्या गठ्ठ्यात होती. म्हणजे वजा शून्य वेळा. आणि शेवटी तिन्ही खेळांचे ७ मिळवले, त्यात ती आणखी एकदा आली. तीन, वजा शून्य, अधिक एक : चार. अशी सात मुलं, प्रत्येक चारदा मोजलेलं. प्रत्येकाच्या मागे तीन जास्तीची कुपनं, साती त्रिक २१. तुमचे जादा २१ तिथून आले.

दुरुस्ती दोन तऱ्हांनी करता येते. पहिली म्हणजे गठ्ठ्यांचे आकडे सूत्राला हव्या त्या अर्थात बदलून घ्यायचे. प्रत्येक जोडीत ती सात मुलं परत घाला : १४ चे २१, ९ चे १६, ११ चे १८. तिघांची बेरीज ५५. मग १३१ वजा ५५ म्हणजे ७६, त्यात ७ मिळवले की ८३. न खेळणारी १२० वजा ८३, म्हणजे ३७. तुमच्या हातांशी जुळलं.

दुसरी तऱ्हा मला स्वतःला जास्त आवडते, कारण तिच्यात सूत्र लागतच नाही. एकमेकांत अडकलेली तीन वर्तुळं काढा. जॉन व्हेन यांनी १८८० मध्ये अशा आकृत्यांवर निबंध लिहिला, त्यांच्याच नावाने त्या आज ओळखल्या जातात. भरायला सुरुवात मात्र मधून करा, बाहेरून नाही. मधल्या सामायिक भागात ७. मग दोन-दोन वर्तुळांच्या पाकळ्यांमध्ये तुमच्या गठ्ठ्यांचे आकडे जसेच्या तसे : १४, ९, ११. आता क्रिकेटच्या वर्तुळात एकूण ५८ हवीत, त्यातली १४, ११ आणि ७ मिळून ३२ भरली गेली, म्हणून फक्त क्रिकेट खेळणारी २६. खो-खोच्या ४० मधून १४, ९ आणि ७ गेले, फक्त खो-खो १०. टेबल टेनिसच्या ३३ मधून ११, ९ आणि ७ गेले, उरले ६. आता सातही खाने भरले : २६, १०, ६, १४, ९, ११ आणि ७. बेरीज ८३. इथे एक मूल एकाच खान्यात आहे, त्यामुळे दोनदा मोजण्याची भीतीच नाही. आणि गंमत बघा, तुमचे गठ्ठे म्हणजे हे खानेच होते. "फक्त क्रिकेट", "फक्त खो-खो" आणि "फक्त टेबल टेनिस" असे आणखी तीन गठ्ठे लावले असतेत तर नुसती बेरीज करून उत्तर आलं असतं.

आता एक सावधगिरीची गोष्ट. तुम्हाला वाटेल, आकडे चुकीच्या अर्थाने घेतले तर कुठेतरी काहीतरी विसंगत दिसेलच की. दर वेळी दिसत नाही. तुमचे १४, ९, ११ "तिसरा खेळ खेळोत वा न खेळोत" या अर्थाने घेऊन वर्तुळं भरली तर पाकळ्यांत ७, २ आणि ४ येतात, बाहेरच्या भागांत ४०, २४ आणि २०, आणि मधले ७ मिळवून बेरीज १०४. एकही खाना ऋण नाही, सगळं सुसंगत. म्हणजे नुसत्या आकड्यांवरून कुठला अर्थ खरा हे सांगता येत नाही. हातांची मोजणी होती म्हणून शंका आली. हीच परिस्थिती जरा वेगळी असती, समजा खो-खो-टेबल टेनिसचा आकडा ९ च्या जागी ५ असता, तर मात्र लगेच पकडता आलं असतं. तिन्ही खेळणारी सात मुलं ते दोन खेळ खेळतातच, मग ते दोन्ही खेळणारी पाचच कशी? जोडीचा आकडा तिन्हींच्या आकड्यापेक्षा लहान दिसला की तो गठ्ठ्याचाच आकडा आहे असं खुशाल समजा. तुमचा सगळ्यात लहान जोडीचा आकडा ९, सातपेक्षा मोठा, म्हणून ही खूण तुमच्या कामी आली नाही.

म्हणून चिठ्ठ्यांकडे परत जा. क्रिकेट-खो-खोच्या १४ चिठ्ठ्या काढा आणि त्यांपैकी कुणावर टेबल टेनिससमोर खूण आहे का बघा. एकावरही नसेल तर माझा अंदाज खरा. बाकीच्या दोन गठ्ठ्यांतही तेच करा, कारण कधी कधी एक शिक्षक एक गठ्ठा लावतो आणि दुसरा रेघा ओढून मोजतो. तसं झालं असेल तर फरकही वेगळा आला असता. एकच जोडी गठ्ठ्याने मोजली तर उत्तर सातने फुगतं, दोन जोड्या तशा असतील तर चौदाने, तिन्ही असतील तर एकवीसने. तुमचा फरक २१ आहे, म्हणून तिन्ही आकडे गठ्ठ्याचे असावेत असं मी म्हणतो.

फरक ७, १४ किंवा २१ सोडून काही वेगळा असता, समजा १०, तर मी दुसरीकडे शोधलं असतं. आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे गल्लीतलं क्रिकेट. चिठ्ठीवर मूल बिनदिक्कत "क्रिकेट" लिहितं, कारण संध्याकाळी घरासमोर खेळतंच. पण वर्गात, तेही क्रीडाशिक्षक समोर उभे असताना विचारलं की त्याला वाटतं हे शाळेच्या टीमबद्दल आहे, आणि ते न खेळणाऱ्यांत हात वर करतं. अशा वेळी दोन्ही मोजण्या आपापल्या जागी बरोबर असतात, पण त्या दोन वेगळ्या प्रश्नांच्या असतात. म्हणून "खेळतो" म्हणजे काय ते चिठ्ठीवरच लिहून टाकावं : शाळेच्या सरावाला येतो, की कुठेही खेळतो. गैरहजर मुलांचं म्हणाल तर त्यांनी हातांची संख्या कमी होते, वाढत नाही. १६ च्या जागी ३७ हात येण्याचं कारण गैरहजेरी असूच शकत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण क्रीडादिनाच्या तयारीत ती अडेल. दर कामाला ८३ हाच आकडा लागत नाही. कुपनं माणशी एक असल्यामुळे ८३. पण प्रत्येक खेळाचे वेगळे टी-शर्ट शिवून घेणार असाल तर १३१ लागतील, कारण तिन्ही खेळणाऱ्या मुलीला तीन टी-शर्ट हवेत. तिथे काहीही वजा करायचं नाही. आणि वेळापत्रक लावणाऱ्या शिक्षकांना तिसराच आकडा हवा, निदान दोन खेळ खेळणारी मुलं किती, कारण खो-खोचा सामना आणि टेबल टेनिसचा सामना एकाच वेळी ठेवला तर पंचाईत त्यांचीच होते. ती मुलं म्हणजे १४, ९, ११ आणि ७, एकूण ४१. खेळणाऱ्या मुलांपैकी जवळजवळ निम्मी, म्हणजे ही अडचण किरकोळ नाही. यातला कुठला आकडा हवा ते आधी ठरवा, मग सूत्राकडे वळा.

आता तुमचा दुसरा प्रश्न, तिन्ही खेळांची मोजणी केलीच नाही तर. नेमकं उत्तर मिळणार नाही, पण हातात काहीच राहणार नाही असंही नाही. समजा तुम्ही जोड्या योग्य अर्थाने मोजल्यात, २१, १६ आणि १८. मग एक तरी खेळ खेळणारी मुलं म्हणजे ७६ अधिक तिन्ही खेळणारी. ती तिन्हीवाली किती असू शकतील? जास्तीत जास्त १६, कारण सगळ्यात लहान जोडी १६ ची आहे आणि तिन्ही खेळणारं प्रत्येक मूल त्या जोडीत असायलाच हवं. कमीत कमी किती, हा भाग जास्त मजेदार आहे. घाईने म्हणावंसं वाटतं शून्य. पण टेबल टेनिसवाल्या ३३ मुलांकडे बघा. त्यांतली १८ क्रिकेटही खेळतात आणि १६ खो-खोही खेळतात. १८ आणि १६ म्हणजे ३४, मुलं तर ३३च. निदान एक मूल दोन्हींत असणारच, म्हणजे ते तिन्ही खेळ खेळतं. क्रिकेटच्या आणि खो-खोच्या बाजूने हीच तपासणी केली तर तशी सक्ती येत नाही, तिथे जागा पुरेशी आहे. म्हणून तिन्हीवाली १ ते १६, आणि खेळणारी एकूण ७७ ते ९२.

ही मर्यादा नुसती कागदावरची नाही, दोन्ही टोकं खरोखर घडू शकतात. तिन्हीवाली १ असेल तर फक्त टेबल टेनिस खेळणारं कुणी उरत नाही आणि बाकीचे खाने २०, ४, २०, १५, १७ आणि १ असे भरतात, बेरीज ७७. तिन्हीवाली १६ असतील तर फक्त खो-खो आणि टेबल टेनिस ही जोडी रिकामी पडते आणि बेरीज ९२ होते. कुपनांसाठी पंधराची तफावत चालेल की नाही हे तुमच्या हलवायावर अवलंबून आहे! पोहे थोडे जास्त झाले तर इंदूरला वाया जात नाहीत, म्हणून मी असतो तर ९२ ची ऑर्डर देऊन मोकळा झालो असतो. पण शाळेच्या अहवालात आकडा लिहायचा असेल तर ७७ ते ९२ असं लिहून कुणी स्वीकारणार नाही.

जोड्याही मोजल्या नाहीत, फक्त ५८, ४०, ३३ असतील, तर मात्र हातात फारसं काही राहत नाही. सगळे खो-खोवाले आणि टेबल टेनिसवाले क्रिकेटवाल्यांतलेच असतील तर उत्तर ५८. याउलट मुलं जितकी वेगवेगळी असू शकतात तितकी असतील तर सगळी १२०. अशा आकड्यांवरून "निदान एक" काढून दाखवणारा कुणी भेटला तर त्याने मधे काहीतरी गृहीत धरलंय असं समजा.

पण तुम्ही अजाणता एक चांगला उपाय करून ठेवलाय : हात वर करायला लावलेत. न खेळणारी मुलं मोजणं सगळ्यात सोपं असतं, कारण त्या प्रश्नाला हो किंवा नाही एवढंच उत्तर आहे, त्यात जोड्या-तिकड्या नाहीत. ३७ एकदा नक्की झाले की खेळणारी ८३ ही आपोआप आली. आणि जोड्या योग्य अर्थाने मोजलेल्या असतील तर तिन्हीवालीही आली, ८३ वजा ७६, सात. म्हणजे पुढच्या वर्षी तिन्ही खेळणारी वेगळी मोजायची नसतील तर न मोजा, पण त्याऐवजी न खेळणारी मोजा. दोन्ही मोजलीत तर उत्तमच, एकाची दुसऱ्याने पडताळणी होते, जशी या वेळी झाली. फक्त त्या दिवशी पटावरची सगळी १२० मुलं हजर आहेत का ते पाहून घ्या. इथे मात्र गैरहजर मूल गोंधळ करतं : न खेळणारी चार मुलं घरी राहिली तर चार हात कमी दिसतील आणि खेळणारी चारने जास्त वाटतील.

काही शाळांत चिठ्ठ्या नसतात, प्रत्येक खेळाच्या प्रशिक्षकाकडे आपापलं रजिस्टर असतं आणि दोन रजिस्टरं शेजारी ठेवून समान नावं शोधली जातात. या पद्धतीचा फायदा असा की जोडीचा आकडा आपसूकच योग्य अर्थाचा येतो. दोन रजिस्टरं जुळवताना तिसरं रजिस्टर उघडलेलंच नसतं, त्यामुळे तिन्ही खेळणारं मूल आपोआप मोजलं जातं. पण तिथे दुसरा त्रास आहे. एकाने नाव हिंदीत लिहिलेलं, दुसऱ्याने इंग्रजीत, तिसऱ्याने आडनाव सोडून नुसतं "ओंकार" एवढंच. आपल्याकडे क्षीरसागर आणि किबे यांची स्पेलिंगं किती तऱ्हांनी होतात ते तुम्हाला सांगायला नको. एक नाव जुळलं नाही की एकाच मुलाची दोन मुलं होतात आणि खेळणाऱ्यांचा आकडा एकाने वाढतो. न जुळलेली नावं आकडा नेहमी वाढवतात, कमी कधी करत नाहीत, म्हणून रजिस्टरांवरून आलेला एकूण आकडा फुगलेला निघाला तर मी आधी नावंच बघतो. उपाय म्हणजे नावाऐवजी स्कॉलर नंबरवर जुळवणी करणं. तो एका शाळेत एका मुलाचा एकच असतो. उलटी चूक, म्हणजे एकाच नावाची दोन मुलं एक समजली जाणं, तीही त्याने टळते. आणि हो, क्रिकेटच्या रजिस्टरात आठवीची मुलंही असतात. ती १२० मधली नाहीत, त्यांना आधीच वगळा.

तुमच्याकडे शाळेचा कॉम्प्युटर असेलच. चिठ्ठ्या एकदा शीटमध्ये भरल्या की सूत्राची गरजच संपते. अ रकान्यात, म्हणजे A मध्ये, स्कॉलर नंबर. B, C आणि D मध्ये क्रिकेट, खो-खो आणि टेबल टेनिस, खेळत असेल तर 1, नसेल तर 0. वरच्या ओळीत शीर्षकं, खाली १२० मुलं, म्हणजे दुसऱ्या ओळीपासून १२१ व्या ओळीपर्यंत. E2 मध्ये पहिली ओळ लिहून ती खालपर्यंत ओढा, मग बाकीच्या दोन ओळी बाजूच्या कुठल्याही दोन रिकाम्या खान्यांत लिहा :

```
=SUM(B2:D2)
=COUNTIF(E2:E121,">0")
=COUNTIFS(B2:B121,1,C2:C121,1)
```

दुसरी ओळ निदान एक खेळ खेळणारी मुलं देते, तुमच्या चिठ्ठ्यांवरून तिथे 83 दिसायला हवेत. समावेश आणि वगळणं हे सगळं तंत्र खरं तर अशी ओळीओळीची यादी हाताशी नसते, फक्त एकत्रित आकडे असतात, तेव्हासाठी आहे. चिठ्ठ्या हाताशी असताना मी शीटच पसंत करीन आणि सूत्राने नंतर ताळा करीन. तिसरी ओळ क्रिकेट आणि खो-खो दोन्ही खेळणारी मुलं देते. ती टेबल टेनिसच्या रकान्याकडे बघतच नाही, म्हणून तिथे तुमचे 14 दिसणार नाहीत, 21 दिसतील. तुमच्या गठ्ठ्यातल्या १४ आणि चौथ्या गठ्ठ्यातल्या ७.